‘हाताचा जोर’ चेंडूत राहत नाही: बल आणि गती शिकवताना या चुका टाळा

नववीत ‘गतीचे नियम’ सुरू करण्याआधी मी फळ्यावर एक चेंडू काढते. सरळ वर फेकलेला, हातातून सुटलेला, अजून वर चाललेला. हवेचा रोध नाही असं धरा आणि चेंडूवरची बलं बाणांनी दाखवा, एवढंच सांगते. बऱ्याच वह्यांत दोन बाण येतात: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर, त्याहून मोठा, ‘हाताचा जोर’.

इथे आपली पहिली चूक होते. आपण लगेच ‘चूक!’ म्हणतो आणि नियम लिहून देतो. मुलं नियम पाठ करतात, बाण मात्र डोक्यात तसाच राहतो. त्यापेक्षा विचारा, ‘हे बल कोण लावतंय?’ प्रत्येक बाणाला लावणारा हवा. खालच्या बाणाला पृथ्वी आहे. वरच्यासाठी मुलं ‘हात’ म्हणतात, पण हात तर केव्हाच सुटला. प्रश्नात ‘हातातून सुटल्यानंतर’ हे शब्द मात्र विसरू नका. हात टेकलेला असताना तो बाण बरोबरच असतो, आणि एखादं मूल नेमक्या त्याच क्षणाचा विचार करत असतं.

दुसरी चूक ‘जोर’ हा शब्द खोडून टाकण्याची. मुलांना चेंडूत काहीतरी जाणवतंय ते खोटं नाही. त्याचं नाव बल नसून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ‘तुझा जोर म्हणजे संवेग, तो चेंडूजवळ असतो; बल बाहेरून लागतं’ असं म्हटलं की वाद निम्मा मिटतो.

उरलेला वाद सर्वांत वरच्या बिंदूवर होतो. ‘तिथे चेंडू थांबतो, म्हणजे बल शून्य.’ यावर मी आकडे मांडते. सुरुवातीचा वेग २० मीटर प्रतिसेकंद, गुरुत्व त्वरण सोयीसाठी १०. दर सेकंदाचा वेग: २०, १०, ०, −१०, −२०. दर सेकंदाला १० नेच घट होते, शून्यापाशीही तीच. बल तिथे नाहीसं झालं असतं तर वेग शून्यावरच राहिला असता आणि चेंडू हवेत लटकला असता. १५० ग्रॅमच्या चेंडूवर पूर्ण वाटभर खाली १.५ न्यूटन बल असतं.

‘मग कॅरमचा स्ट्रायकर का थांबतो, जोर संपला म्हणूनच ना?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा बोर्ड आणि पावडर वर्गात हजर ठेवा. साधारण सारख्याच टिचकीने आधी बिनपावडरीचा, मग पावडर टाकलेला फटका मारा. दुसऱ्यांदा स्ट्रायकर लांब जातो. म्हणजे थांबवणारं घर्षण बाहेरचं होतं. एकच फटका पाहून मुलं ‘जोरात मारला’ म्हणतात, म्हणून चार-पाचदा करा आणि टिचकी मुलांनाच मारू द्या.

दोन दिवसांनी त्याच स्ट्रायकरवरचे बाण काढायला लावा. खाली वजन, वर बोर्डाचा आधार, मागे घर्षण. पुढे जाणारा बाण दिसला तर समजायचं, चेंडूचं उत्तर पाठ झालं होतं. पुन्हा ‘कोण लावतंय?’पासून सुरुवात.