डॉक्युमेंटेशन तपासायचंय? वाचू नका, प्रश्न घेऊन शोधा

सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन रिव्ह्यूला आलं की आपण पहिल्या पानापासून वाचत जातो, आणि मग स्पेलिंगच्या चुका सापडतात पण युजरला उत्तर मिळतंय का ते कळतच नाही. गोरेगावच्या आमच्या ऑफिसात आता असं करतो:

१. सपोर्टच्या तिकिटांमधून पाच खरे प्रश्न उचला, युजरच्याच शब्दांत.

२. ज्याला प्रॉडक्ट नवीन आहे अशा कुणाला तरी बसवा, प्रत्येक प्रश्नाला तीन मिनिटं. तो सर्चमध्ये काय टाइप करतो आणि आधी कुठल्या पानावर जातो ते लिहून ठेवा.

३. उत्तर सापडलं की कोऱ्या मशीनवर त्या स्टेप्स जशाच्या तशा करायला लावा, आपल्या लॅपटॉपवर नको, तिथे सगळं आधीच इन्स्टॉल असतं त्यामुळे राहिलेली स्टेप दिसत नाही.

उदाहरणार्थ, युजरला हा एरर येतो:

```
Error: listen EADDRINUSE: address already in use :::3000
```

तो हाच एरर सर्चमध्ये पेस्ट करणार ना! आमच्याकडे पोर्ट बदलायची माहिती अगदी बरोबर होती, पण "नेटवर्क सेटिंग्ज" या पानावर, आणि तिथे एररचा एक शब्दही नव्हता म्हणून सर्च रिकामा यायचा. "पोर्ट आधीच वापरात असेल तर" असं हेडिंग देऊन खाली एररची ओळ टाकली, मग सापडायला लागलं. म्हणून माहितीच नाही, चुकीची आहे की आहे पण सापडत नाही, हे वेगवेगळं नोंदवा, तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

फक्त एक सांभाळा, बसवलेला माणूस शोधत असताना "अरे वरच्या मेन्यूत बघ" असं अजिबात सांगायचं नाही.