लेखाचा पहिला परिच्छेद कसा लिहावा

पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहा. लेख पूर्ण होईपर्यंत त्यात नेमकं काय येणार हे आपल्यालाही पक्कं ठाऊक नसतं, म्हणूनच सुरुवात मोघम होते. लेख संपला की बाजूला एकच वाक्य लिहून ठेवा: हे वाचल्यावर वाचकाला काय करता येईल? ‘माहिती मिळेल’ हे उत्तर धरू नका. ओळखता येईल, निवडता येईल, दुरुस्त करता येईल, असं काहीतरी हवं.

समजा, लेख कुंडीतल्या झाडांच्या पाण्याबद्दल आहे. नेहमीची सुरुवात अशी असते:

‘झाडे हा आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे. आजच्या धावपळीच्या युगात प्रत्येकाला घरात हिरवळ हवी असते. चला तर मग, जाणून घेऊया झाडांची निगा कशी राखावी.’

यात चुकीचं काही नाही, पण ज्याचं झाड सुकतंय त्याच्यासाठी एकही शब्द नाही. ‘झाडे’च्या जागी ‘पुस्तके’ आणि ‘हिरवळ’च्या जागी ‘लायब्ररी’ घातलं तरी परिच्छेद तसाच चालतो. तुमच्या मसुद्यालाही हीच कसोटी लावा.

आता पहिल्या वाक्यात वाचकाला डोळ्यांनी दिसणारी अडचण आणा. दुसऱ्यात त्याचा समज जिथे चुकतो ती जागा दाखवा. तिसऱ्यात बाजूला लिहून ठेवलेलं ते वाक्य येऊ द्या:

‘पानं पिवळी पडली की आपण आधी पाणी घालतो. पण माती आधीच ओली असेल, तर त्याच पाण्याने मुळं कुजतात. झाडाला पाणी कमी पडतंय की जास्त होतंय हे मातीत बोट घालून कसं ओळखायचं, आणि जास्त झालं असेल तर काय करायचं, ते इथे सांगितलं आहे.’

दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि लिहायला सगळ्यात अवघडही. पहिल्या वाक्याने वाचक ‘हो, माझंही असंच’ म्हणतो, पण त्याला पुढे खेचतो तो ‘पण’. असा ‘पण’ सापडतच नसेल, तर बहुधा लेखातच नवं काही नाही. तेव्हा सुरुवात घासत बसू नका, मजकुराकडे परत जा.

प्रश्नाने सुरुवात करताना जपा. ‘तुमचं झाड सुकतंय का?’ याला ‘नाही’ म्हणणारा तिथेच निघून जातो.

शेवटी, तिसऱ्या वाक्यात कबूल केलेली प्रत्येक गोष्ट लेखात कुठे आली आहे, त्यावर बोट ठेवून पाहा. कुजलेल्या मुळांवरचा उपाय लेखात नसेल, तर तो लिहा किंवा सुरुवातीतून ते शब्द काढा. बातमी किंवा तातडीची सूचना असेल, तर मात्र ही तीन वाक्यांची बांधणी सोडा आणि मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा.