टीम बदलायची आहे, पण मॅनेजरबद्दल काय बोलायचं?

आपल्याच कंपनीत टीम बदलायची असली की ‘का?’ हा प्रश्न तिघेजण विचारतात: सध्याचा मॅनेजर, नव्या टीमचा मॅनेजर आणि एचआर. हे तिघे आपापसात बोलतात. त्यामुळे उत्तर तिघांना एकच द्यावं, आणि ते सध्याच्या मॅनेजरच्या कानावर गेलं तरी चालेल असं असावं.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत, बँकेच्या प्रॉडक्शन सपोर्टवर होतो. तिकिटं बंद करायची, रात्री अडकलेले बॅच जॉब पुन्हा चालवायचे. मॅनेजरशी फारसं पटत नव्हतं. शनिवारची शिफ्ट हमखास माझ्याच गळ्यात. डेटा इंजिनिअरिंगची जागा इंटरनल पोर्टलवर निघाली तेव्हा स्वतःलाच विचारलं, उद्या हा मॅनेजर बदलला तर मी इथे थांबेन का? उत्तर ‘नाही’ होतं, कारण पडलेला जॉब चालू करण्यापेक्षा तो का पडतो हे शोधण्यात मला जास्त रस होता. ‘हो’ असतं तर बदली मागण्यात अर्थ नव्हता. शिफ्टचं भांडण रोस्टर समोर ठेवून शिफ्टपुरतंच मिटवावं.

अर्ज भरण्याआधी मॅनेजरला गाठलं. बऱ्याच कंपन्यांत अर्ज केला की त्यांना आपोआप मेल जातो, आणि तिथून कळलं तर पुढचं बोलणं रुसव्यानेच सुरू होतं. म्हटलं, “सर, रिकन्सिलिएशनचा जॉब सारखा पडायचा, त्याची क्वेरी मी दुरुस्त केली ना, तेव्हापासून असंच काम करावंसं वाटतंय. डेटा टीममध्ये ते रोजचं आहे. मला अर्ज करायचाय.” ‘इथे शिकण्यासारखं काही नाही’ असं म्हणालो असतो तर तो त्यांच्यावरच शेरा झाला असता.

खरी कसोटी मुलाखतीत. “तिकडे काही प्रॉब्लेम आहे का?” हे विचारतातच, तेही चहा पिता पिता. “तसं काही नाही, पण…” असं सुरू केलं की माणूस घसरतो. मी एवढंच सांगितलं, “नाही. रात्री दोनला जॉब पडला की काय होतं ते तिथे बघितलंय, पाइपलाइन लिहिताना त्याचा उपयोग होईल.” आणि लगेच विचारलं, तुमच्याकडे सोर्स फाइल उशिरा आली तर काय करता? गप्पा तिकडे वळल्या.

निवड झाली तरी रिलीज अडतं. त्यामागे राग असतोच असं नाही. क्लायंटला ज्याचं बिल लागतं तो माणूस जातोय, ही मॅनेजरची अडचण असते. म्हणून केटीचा, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याचा, आराखडा आपणच न्यावा: रनबुक कोण लिहिणार, नवा माणूस किती दिवस शेजारी बसून बघणार, मग आपण शेजारी बसून तो काम कधी करणार. बँकेचा प्रोजेक्ट असेल तर 31 मार्चच्या आधीची तारीख मागूच नये. ठरलेली तारीख मेलवर घ्यावी, आणि त्याच मेलमध्ये विचारून ठेवावं की या वर्षातल्या इथल्या महिन्यांचं रेटिंग कोण लिहिणार.