उजवीकडून जहाज आडवं येतंय? मग हलायचं तुम्हीच
रात्री उजवीकडे दुसऱ्या जहाजाच्या डाव्या बाजूचा लाल दिवा, साइडलाइट, दिसतोय, अंतर कमी होतंय पण कंपासवर त्याची दिशा दाखवणारं बेअरिंग जागचं हलत नाहीये, म्हणजे टक्कर होऊ शकते आणि बाजूला तुम्हीच व्हायचं. पाच-पाच डिग्री वळत बसू नका, समोरच्याला ते कळतच नाही, लवकर आणि ठळक उजवीकडे वळा आणि त्याच्या मागून जा. त्याने कोर्स-स्पीड तसाच ठेवायचा असतो, पण तुम्ही ढिम्मच राहिलात तर त्याने पाच छोटे भोंगे देऊन स्वतः वळावं, फक्त डावीकडे शक्यतो नको, कारण तुम्ही उशिरा का होईना उजवीकडे वळलात की दोघं एकमेकांवरच! (हे दोन्ही इंजिनवाल्या जहाजांचं झालं, जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला मात्र तो कुठल्याही बाजूला असला तरी वाट द्यायची.)