स्टिल्टमध्ये पाणी साचलं की विजेच्या बाबतीत या चुका टाळा

सर्व सभासद आणि भाडेकरूंसाठी,

वाशीत पाणी साचतं ते नुसत्या पावसाने नाही, पाऊस आणि भरती एकत्र आल्याने. आपला बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून नाल्यांचं पाणी आधी होल्डिंग पाँडमध्ये जातं आणि तिथून झडपांमधून खाडीत. खाडी चढली की झडपा मिटतात आणि ओहोटी लागेपर्यंत आपलं पाणी इथेच राहतं. तेव्हा पावसाचा इशारा आला की सोबत भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस जुळून आला, तर भरतीच्या आधीचे दोन तास आवराआवरीचे. नंतर स्टिल्टमध्ये उतरून करण्यासारखं काही उरत नाही.

गेल्या वर्षी हे दोन तास आपण वाया घालवले. भरती रात्री पाऊण वाजता होती. सव्वादहाला जिन्यातले आणि गेटवरचे दिवे गेले, कारण कॉमन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की पडणारा स्विच, पडला. वॉचमनने तो तीनदा उचलला, चौथ्यांदा तो टिकेना. मग कुणीतरी ओळखीचा वायरमन बोलावला, त्याने आरसीसीबी बाजूला ठेवून वायर ‘डायरेक्ट’ केली. दिवे लागले, सगळे खूश. साडेअकराला कामावरून परतणाऱ्या एका सभासदाने घोटाभर पाण्यात उभं राहून लोखंडी गेटला हात लावला आणि त्यांच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती आणि हात लगेच सुटला, म्हणून थोडक्यात निभावलं. सकाळी कळलं की गेटच्या खांबावरच्या दिव्याची जोडणी नुसत्या टेपने गुंडाळलेली होती आणि ती पाण्याखाली गेली होती.

पडलेला आरसीसीबी पुन्हा पुन्हा उचलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोर्डात दोन प्रकारचे स्विच असतात. एमसीबी भार वाढला किंवा शॉर्ट झाला की पडतो. माणसाला करंट लागतोय हे त्याला कळतच नाही, कारण जीव घ्यायला लागणारा करंट सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबात नगण्य असतो. आरसीसीबी वेगळा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, एवढंच तो बघतो. फरक 30 मिलीअँपिअरच्या आसपास गेला की तो पडतो. म्हणजे तो पडला याचा अर्थ करंट कुठेतरी पाण्यात, भिंतीत किंवा गेटमध्ये जातोय. तो बिघडला असं गृहीत धरून डायरेक्ट करणं म्हणजे भुंकतोय म्हणून राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधणं.

तर काय करायचं? बोर्ड कोरडा असेल, पायाखालची फरशी कोरडी असेल आणि हात कोरडे असतील तरच पुढचं करा. आरसीसीबीच्या पुढचे सगळे एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर घ्या. ज्याने आरसीसीबी पुन्हा पडतो, ती लाइन दोषी. तो एमसीबी खालीच ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि बाकीचं चालू करा. गेटचा दिवा रात्रभर बंद राहिला तर काही बिघडत नाही.

एक अडचण मात्र लक्षात असू द्या. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर दोष न्यूट्रलकडे असू शकतो. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे ही चाळणी तिथे चालत नाही. अशा वेळी थांबा आणि परवानाधारक वायरमनची वाट बघा. आपल्या घरातल्या बोर्डालाही हेच लागू. आरसीसीबीवर ‘T’ लिहिलेलं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की स्विच पडायला हवा. पडला नाही तर आजच बदला.

‘मेन खाली केलाय’ म्हणून मीटर रूममध्ये शिरणं

घराचा मेन बंद केला तर आपलं घर बंद होतं, मीटर रूम नाही. कॉमन मेन बंद केला तरी रस्त्यावरच्या पेटीतून येणारी केबल आणि कटआउट जिवंतच असतं. ते फक्त महावितरणची माणसं बंद करू शकतात. म्हणून मीटर रूमच्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं की तिथे कुणीही जायचं नाही, ना वॉचमन, ना मी. टेस्टर पाण्यात बुडवून ‘करंट नाही’ असं ठरवणं हाही वेडेपणाच. दिवा लागला नाही म्हणजे धोका नाही, असं तो सांगत नाही.

स्टिल्टमध्ये चालताना पायाला झिणझिण्या आल्या तर पळू नका आणि रेलिंग किंवा गाडी धरू नका. पाय जवळ ठेवून छोट्या पावलांनी, आलात त्याच वाटेने मागे या. पाण्यात कुणी पडलेलं दिसलं तरी वीज तोडल्याशिवाय हात लावायला जाऊ नका. हे लिहायला जड जातंय, पण एकामागून एक दोन माणसं जातात ती अशीच.

इन्व्हर्टरही विसरला जातो. बाहेरची वीज गेली तरी त्याच्या लाइनमध्ये 230 व्होल्ट असतात. तळमजल्यावरच्या दोन्ही दुकानांनी आणि वॉचमनच्या केबिनने पाणी येण्याआधी तो बंद करायचा आहे.

लिफ्ट आणि गाड्या

लिफ्टचा खड्डा जमिनीच्या खाली, त्यामुळे पाणी आधी तिथे जातं. दोन तासांच्या त्या वेळेत वॉचमन लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन दार लावेल आणि वरच्या मशीन रूममधून मेन बंद करेल. वयस्कर मंडळींनी औषधं, दूध आधीच वर आणून ठेवावं. इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग बंद करा आणि वायर गुंडाळून वर टांगा. पाण्यात अर्धी बुडालेली कार ‘जरा स्टार्ट करून बघतो’ म्हणू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

फोन केला, पण चुकीचं सांगितलं

महावितरणच्या 1912 वर ‘लाइट गेली’ म्हणालात तर तुमची तक्रार शेकडो तक्रारींतली एक. त्याऐवजी म्हणा: ‘मीटर रूममध्ये पाणी आहे, करंट लागतोय, पुरवठा तोडा.’ सोबत कॉमन मीटरचा ग्राहक क्रमांक आणि सेक्टर, प्लॉट सांगा. हा क्रमांक प्रत्येक विंगच्या जिन्यात, पहिल्या मजल्यावर लावलाय. खालचा नोटीस बोर्ड भिजतो, म्हणून वर.

अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, पोलीस किंवा कोणतीही आणीबाणी 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण 1077. हे आणि सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पाणी ओसरल्यावर लगेच कुणी मेन वर करू नये. बोर्डाच्या आत चिखल राहतो. वायरमन मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक लाइन तपासेल, कोरडी आणि ठीक निघाली तीच चालू होईल. गेल्या वर्षी यात दीड दिवस गेला होता. पाण्याच्या पंपाची लाइन सगळ्यात शेवटी तपासली गेली, म्हणून यंदा प्रत्येकाने घरात दोन बादल्या आणि पिण्याचं पाणी भरून ठेवा.

– सेक्रेटरी