मालिकेतला चमत्कार कोणत्या संताचा, हे कसे ओळखावे

लाइट गेली, अर्धा भाग बुडाला, आणि परत आली तेव्हा पडद्यावर विस्तव नसताना काहीतरी पेटत होते. आमच्या अमळनेरकडे हे आठवड्यातून एकदा तरी होतेच. मग घरात वाद सुरू होतो: हे गजानन महाराज की साईबाबा? माझ्या आजेसासूबाईंनी असाच एक भाग अर्ध्यातून पाहून विचारले, “खापर कोठे शे?” आणि त्या एका प्रश्नात उत्तर मिळाले. ते कसे, ते पुढे येतेच.

आधी चेहरा, दाढी, कफनी सोडून द्या. एकच नट पाच मालिकांत दिसतो आणि भगवी वस्त्रे सगळ्यांनाच असतात. बघायचे ते हे, की चमत्कार कोणत्या वस्तूवर होतो आणि त्याआधी नाही कोण म्हणाले. संतकथेत चमत्कार बहुधा कुणाच्या तरी नकारातून सुरू होतो. तो नकार देणारा सापडला की संत सापडला.

अग्नीचेच घ्या. पणत्यांत पाणी ओतले आणि त्या रात्रभर जळल्या, तर ते शिर्डीचे साईबाबा. तिथे तेल नाकारणारे दुकानदार आहेत. चिलमीवर नुसती काडी धरली आणि ती पेटली, तर ते शेगावचे गजानन महाराज. विस्तव नाकारणारा जानकीराम सोनार. त्याचे कारणही आपल्याला ओळखीचे आहे: त्या दिवशी अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी होती, आणि सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, अशी त्याची समजूत. म्हणून भागात आखाजीची लगबग दिसली तर गजानन महाराजांकडे झुका. पेटलेल्या पलंगावर शांत बसलेले महाराज दिसले तर तेही तेच. समोर ब्रह्मगिरी गोसावी असतो.

आता आजेसासूबाईंचा भाग. पडद्यावर एक मुलगा ओणवा बसलेला, पाठ लाल झालेली, आणि एक लहान मुलगी त्याच्या पाठीवर काहीतरी टाकून भाजते. घरातल्या मुलांना वाटले, शिक्षा चालली आहे. आजेसासूबाईंनी मात्र मुलीचे हात पाहिले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलेले. हात मांडे करणारे, पण खाली खापर नाही. म्हणून तो प्रश्न.

तेच नेमके कथेचे बीज आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते, पण विसोबाने कुंभारांना बजावले की या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचे नाही. ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. नकार देणारा विसोबा, वस्तू खापर, म्हणजे आळंदीची चार भावंडे. मालिकेने तवा दाखवला किंवा साध्या पोळ्या दाखवल्या, तर ही खूण पुसली जाते. मग बाजूला उभे राहून पाहणारा विसोबा शोधा.

विसोबाच मोठी फसगतही करतो. पुढे पश्चात्ताप होऊन तो भक्त झाला, आणि परंपरा त्यालाच नामदेवांचा गुरू विसोबा खेचर मानते. त्यामुळे तोच माणूस म्हातारा होऊन शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेला दिसला, आणि पाय उचलून ठेवावे तिथे नवी पिंड उगवू लागली, तर तो भाग ज्ञानेश्वरांचा नाही, नामदेवांचा आहे. नाव एकच, कथा दोन. त्याच्या आधीच्या भागात गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी थापटून कच्चे मडके शोधत असतील, तर शंकाच नको.

भावंडे भिंतीवर बसलेली आणि समोरून वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक घेतलेला योगी येतो, ते चांगदेव. त्यांचे देऊळ आपल्याच जिल्ह्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. मुक्ताईचे स्थानही तिथून जवळच, मुक्ताईनगरच्या कोथळीत आणि मेहूणला.

खात्री करायची तर पोथी काढा. गजानन महाराजांची एकवीस अध्यायांची पोथी ज्या घरात आहे, तिथे चौथा अध्याय उघडला की चिलीम सापडते. वारकरी संतांसाठी महिपतींचा भक्तविजय. फोनवर शोधताना ‘संत चमत्कार’ लिहू नका, हजार गोष्टी येतात. ‘पाठीवर मांडे’ असे वस्तू आणि जागा लिहा. तरीही पोथीत न सापडणारा प्रसंग असेल, म्हणजे सुनेचे रुसणे, सावकाराचा कट, तर तो बहुतेक लेखकाने भाग वाढवायला घातलेला असतो. तो शोधत बसू नका.