शाळेच्या बॅगेचे वर्णन लिहिताना या चुका टाळा: पाठ, पाऊस आणि पट्ट्याची शिवण

‘पाठदुखीला कायमचा रामराम! ऑर्थोपेडिक डिझाइनमुळे मणका राहील ताठ. अल्ट्रालाइट, १०० टक्के वॉटरप्रूफ, वर्षानुवर्षे टिकणारी स्कूल बॅग. इयत्ता पहिली ते आठवी.’

पुण्यातल्या छोट्या विक्रेत्यांसाठी ऑनलाइन मजकूर लिहिताना थोड्याफार फरकाने हाच नमुना पुन्हा पुन्हा समोर येतो. उदाहरणादाखल हेच वर्णन दुरुस्त करू. बॅग अशी समजा: उंची ३८ सेंमी, रुंदी २८, जाडी १५. रिकामी असताना वजन ६५० ग्रॅम. बाहेरून ६०० डेनिअरचे पॉलिएस्टर कापड, त्याला आतून पीयू कोटिंग. खांद्याचे पट्टे फोमचे, छातीवर एक आडवा पट्टा, पाठीच्या बाजूला फोमची गादी. बॅग चांगलीच आहे, फक्त वर्णनात तिच्याबद्दल खरी माहिती जवळपास नाही.

पाठीबद्दलची वाक्ये

सगळ्यात मोठी चूक इथे होते, कारण पालक सगळ्यात जास्त घाबरलेले इथेच असतात. ‘मणका ताठ ठेवते’ हा मुलाच्या शरीराबद्दलचा दावा आहे. तो सिद्ध करायचा तर ही बॅग वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांच्या पाठी मोजाव्या लागतील. ते कोणी केलेले नसते. शिवाय मुळात दप्तर आणि पाठदुखी यांचे नाते आपण समजतो तेवढे सरळ नाही. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, दप्तर वापरल्याने मुलांना पाठदुखी होते असा खात्रीचा पुरावा सापडला नाही. याचा अर्थ ओझे कितीही चालेल असा नाही. जड दप्तर घेतलेले मूल तोल सांभाळायला पुढे झुकते, हे कुठल्याही शाळेच्या फाटकापाशी दिसते. पण ज्या दुखण्याचे कारणच पक्के ठरलेले नाही, त्याला ‘कायमचा रामराम’ एक पिशवी कशी करणार?

मग लिहायचे काय? बॅग स्वतः काय करते तेवढेच. रुंद, फोमचे पट्टे भार खांद्याच्या मोठ्या भागावर पसरवतात, त्यामुळे पट्टा रुतत नाही. छातीचा पट्टा लावला की खांद्याचे पट्टे बाहेरच्या बाजूला घसरत नाहीत. पट्टे नीट ओढून घेतले की बॅग पाठीला चिकटून राहते आणि मागे कमी ओढते. पाठीच्या गादीमुळे कंपासपेटीचा कोपरा टोचत नाही. ही चारही वाक्ये पालक बॅग हातात घेऊन दोन मिनिटांत पडताळू शकतो. ‘ऑर्थोपेडिक’ आणि ‘डॉक्टरांनी सुचवलेली’ हे शब्द मात्र सरळ काढून टाका. कोणत्या डॉक्टरांनी, कशाच्या आधारावर, याचा कागद फाइलला असेल तरच त्यांचा विचार करायचा.

इथे कायद्याचेही थोडे पाहावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘खाली बारीक अक्षरात खुलासा देतो की’ ही पळवाटही चालत नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल तर खुलासा देऊन तो दुरुस्त होत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. म्हणजे वर मराठीत ‘मणका ताठ’ आणि खाली इंग्रजीत ‘परिणाम वेगळे असू शकतात’ असे लिहिणे दोन्हीकडून चुकते.

‘अल्ट्रालाइट’च्या जागी ग्रॅम लिहा

हलकी म्हणजे किती, हे विशेषण सांगत नाही. आकडा सांगतो आणि त्याला संदर्भही आहे. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितले आहे. तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो अशी पट्टी दिली आहे.

आता चौथीतले २५ किलोचे मूल घ्या. मर्यादा अडीच किलो. त्यातली ६५० ग्रॅम रिकाम्या बॅगेचीच गेली, उरले १८५० ग्रॅम. पाऊण लिटरची स्टीलची बाटली भरून साधारण एक किलो होते. डबा भरलेला ४०० ग्रॅम धरला तर वह्या-पुस्तकांना ४५० ग्रॅम उरतात. पाठ्यपुस्तके आणि वह्या धरून एवढ्यात बसवणे अवघडच. म्हणजे पाठीवरचे ओझे कमी करण्यात बॅगेच्या फोमपेक्षा बाटलीचा वाटा मोठा आहे. हा हिशेब विक्रेत्याने पानावर द्यावा का? माझ्या मते द्यावा. ‘शाळेत पाणी मिळत असेल तर बाटली अर्धी भरून द्या’ हे वाक्य वाचणाऱ्या पालकाला पुढची वाक्येही खरी वाटू लागतात.

वजन स्वतःच्या काट्यावर करा, कारखान्याच्या कागदावरून उचलू नका. रेनकव्हर सोबत देत असाल तर त्याचे वजन वेगळे लिहा. लिटरचा आकडाही तपासा: ३८ गुणिले २८ गुणिले १५ म्हणजे जेमतेम १६ लिटर, पुढचा खिसा धरून थोडे जास्त. याच बॅगेवर ‘३० लिटर’ छापलेले असेल तर तो आकडा कुठून आला हे पुरवठादाराला विचारा.

‘पहिली ते आठवी’ हीसुद्धा पाठीशीच जोडलेली चूक आहे. पहिलीतल्या मुलाला ३८ सेंमीची बॅग कमरेच्या खाली लोंबते आणि बसताना बाकाला आपटते. इयत्तेऐवजी माप द्या: मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या ठळक हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावा, ३६ सेंमीपेक्षा कमी भरले तर ही बॅग मोठी होईल. फोटोत बॅग घेतलेल्या मुलाची उंची खाली लिहा, नाहीतर आठवीतल्या मॉडेलच्या पाठीवर बॅग छोटीशी दिसते आणि पार्सल उघडल्यावर वाद सुरू होतो.

टिकाऊपणा: बॅग कुठे फाटते ते आधी पाहा

‘६०० डेनिअर, त्यामुळे मजबूत’ हे वाक्य अर्धेच आहे. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, म्हणजे धाग्याचा जाडपणा. कापड त्याने जाड होते, पण शाळेची बॅग क्वचितच मधल्या कापडात फाटते. ती जाते पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तिथे, वरच्या हँडलच्या मुळाशी, चेनच्या रनरपाशी आणि जमिनीवर घासणाऱ्या तळाच्या कोपऱ्यांवर. रिक्षाकाका दहा-बारा दप्तरे एका हुकाला अडकवतात तेव्हा सगळा भार त्या हँडलच्या शिवणीवर येतो. म्हणून टिकाऊपणाचे वाक्य याच जागांबद्दल हवे: पट्ट्याच्या मुळाशी एकेरी शिवण आहे की बारटॅक, म्हणजे जवळजवळ टाक्यांची दाट पट्टी? तळाला दुहेरी कापड आहे का? आतल्या शिवणीच्या कडा पट्टीने बांधल्या आहेत की धागे सुटे आहेत?

प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर दुकानात साधी चाचणी करा आणि ती चाचणी दुकानातली आहे असेच लिहा. बॅगेत पाच किलो तांदूळ भरा. पट्टा बक्कलमधून जिथे बाहेर येतो तिथे पेनने खूण करा आणि बॅग एका पट्ट्यावर रात्रभर टांगा. सकाळी खूण सरकलेली असेल तर ‘पट्टा सरकत नाही’ लिहायचे नाही. शिवणीपाशी कापड ताणून भोके मोठी झालेली दिसली तर मजकुराआधी शिवणाऱ्याशी बोला.

‘वर्षानुवर्षे’च्या जागी वॉरंटी लिहा, तीही काय धरले आणि काय नाही यासकट. रनर बदलून देत असाल तर ते आवर्जून सांगा. चेन बिघडली म्हणून अख्खी बॅग टाकून देणारे पालक कमी नाहीत.

पावसाचे वाक्य

पीयू कोटिंग कापडातून पाणी येऊ देत नाही, पण सुईने केलेली भोके आणि चेन उघडीच राहतात. सिंहगड रस्त्यावर आईच्या मागे स्कूटरवर बसलेल्या मुलाच्या पाठीवर वीस मिनिटे जुलैचा पाऊस पडला की पाणी नेमके तिथून शिरते. तपासायचे तर बॅगेत वर्तमानपत्र भरून दहा मिनिटे शॉवरखाली धरा आणि कागद कुठे भिजला ते पाहा. बहुतेक वेळा वरच्या चेनखालची पट्टी आधी ओली होते. मग ‘वॉटरप्रूफ’ शब्द आपोआप गळतो.

दुरुस्त केलेला मजकूर

> स्कूल बॅग. मानेच्या तळाच्या ठळक हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत ३६ सेंमीपेक्षा कमी भरत असेल तर ही बॅग मोठी होईल. ३८ × २८ × १५ सेंमी, रिकामे वजन ६५० ग्रॅम (आमच्या काट्यावर).
>
> खांद्याचे पट्टे रुंद आणि फोमचे आहेत, त्यामुळे भार पसरतो. छातीचा पट्टा लावल्यास खांद्याचे पट्टे बाहेर घसरत नाहीत. पाठीकडे फोमची गादी आहे. ही बॅग पाठीच्या दुखण्यावरचा उपाय नाही. मुलाला दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. भरलेली बॅग मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत ठेवा.
>
> पट्टे आणि हँडलच्या मुळाशी बारटॅक शिवण, तळाला दुहेरी कापड. दुकानात पाच किलो भरून एका पट्ट्यावर रात्रभर टांगून पाहिली. शिवण सुटली नाही, पट्टा सरकला नाही.
>
> हलक्या सरीत आतले सामान कोरडे राहते. जोराच्या पावसात चेनमधून पाणी येऊ शकते, म्हणून सोबतचे रेनकव्हर घाला.
>
> शिवण आणि चेनची एक वर्ष वॉरंटी. कापलेले कापड, उडालेला रंग आणि वॉशिंग मशिनमध्ये झालेले नुकसान यात येत नाही.

यातली बारटॅक, दुहेरी तळ, चाचणी आणि वॉरंटीची वाक्ये तुमच्या बॅगेवर खरी ठरली तरच ठेवायची. नमुना म्हणून जशीच्या तशी चिकटवलीत तर मूळ चुकीवरच परत याल.

पान लावल्यानंतर

परत आलेल्या बॅगांची कारणे वाचा, चुकलेले वाक्य तिथेच सापडते. ‘फारच मोठी आली’ म्हणजे मापाची ओळ खाली दडली आहे किंवा फोटो फसवतो आहे. ‘वह्या भिजल्या’ म्हणजे पावसाचे वाक्य कोणी वाचले नाही, ते रेनकव्हरच्या फोटोशेजारी आणा. ‘छातीचा पट्टा गळ्याशी येतो’ अशी तक्रार आली तर तो वर-खाली सरकतो का ते तपासा. सरकत असेल तर कसा, हे एका फोटोत दाखवा. एकाच जागची शिवण उसवल्याच्या तक्रारी येऊ लागल्या तर टिकाऊपणाचा परिच्छेद त्या दिवशी उतरवा, शिवण सुधारलेला माल आल्यावरच परत लावा.

एक जागा हमखास सुटते. मजकूर बदलला तरी पहिल्या फोटोवर लाल पट्टीत छापलेले ‘१००% वॉटरप्रूफ’ आणि बॅगेला लटकणाऱ्या टॅगवरचे ‘ऑर्थोपेडिक’ तसेच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जुना कॅटलॉगही शोधून बदला, कारण पालक स्क्रीनशॉट त्याचाच पाठवतात.